शेवटच्या हप्त्याचं कॅप्शन : त्यात पाटल्या याव्यात की नाही?

ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो. २००७ मध्ये घरासाठी १६ लाखांचं लोन काढलं, वीस वर्षांचं, १० टक्के, हप्ता १५,४४०. पहिला हप्ता ५ जून २००७ ला गेला आणि शेवटचा आत्ता ५ मे २०२५ ला. मधल्या काळात हप्ता तोच ठेवला, बँक मुदत खालीवर करायची. २०१० च्या मे महिन्यात बायकोने तिच्या माहेरच्या पाटल्या मोडून ५० हजार दिले ते लोनमध्ये भरले, पुढे दोन-तीनदा दिवाळीचा बोनस टाकला. स्कूटर १४ वर्षं तीच वापरली. आता मला फेसबुक आणि स्टेटसला टाकायचंय पण लिहायला बसलो की काही जमत नाही. मी हे लिहिलं होतं : "कठोर परिश्रम, त्याग आणि शिस्त! अखेर स्वप्नपूर्ती! आज आम्ही कर्जमुक्त! घर आता फक्त आणि फक्त आमचं!" मुलगी म्हणाली बाबा हे कुणाचंही वाटतंय. सोबत बँकेच्या कागदाचा फोटो टाकणार आहे. पाटल्यांचं लिहावं का? बायको काही बोलत नाही, नुसती हसते.

---

दादा, आधी तुमचं आणि वहिनींचं मनापासून अभिनंदन. पत्र वाचून मी खरंच थोडा वेळ नुसती बसून राहिले कारण तारखा तुम्ही जशा लिहिल्यात, ५ जून ते ५ मे, तशा त्या लोन फेडलेल्या माणसालाच पाठ असतात.

मुलगी बरोबर बोलतेय. परिश्रम, त्याग, शिस्त हे तिन्ही शब्द खरे आहेत पण ते वाचणाऱ्याला काही दिसत नाही, उलट तुमच्या पत्रातल्या पाटल्या आणि १४ वर्षांची स्कूटर लगेच दिसतात. तेव्हा कॅप्शनमधून त्याग हा शब्द काढा आणि जे सोडलं त्यातली एकच वस्तू ठेवा. एकच हं. स्कूटर, पाटल्या, बोनस, न झालेल्या ट्रिपा असं सगळं एकापुढे एक लिहिलं की वाचणाऱ्याला ती तक्रारीची यादी वाटायला लागते आणि कुठलीच गोष्ट लक्षात राहत नाही.

माझं मत विचाराल तर ती वस्तू पाटल्याच, आणि का ते जरा आकड्यांत सांगते, कारण मला वाटतं तुम्हाला स्वतःलाही त्या पाटल्यांनी नक्की काय केलं हे पूर्ण माहीत नसावं.

तुमचा पहिला हप्ता बघा. १६ लाखांवर १० टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं १३,३३३ रुपये. तुम्ही भरले १५,४४०. म्हणजे कर्जातून कमी झाले फक्त २,१०७, बाकी सगळं व्याजात गेलं. पहिल्या पूर्ण वर्षात तुम्ही १ लाख ८५ हजार भरलेत आणि मुद्दल उतरलं साधारण साडेसव्वीस हजारांनी. वर्षाच्या शेवटी बँकेचं स्टेटमेंट हातात आल्यावर आपलं काहीतरी चुकतंय असं प्रत्येकाला वाटतं ते यामुळेच, चुकत काही नसतं, बँक शिल्लक मुद्दलावर व्याज घेते आणि सुरुवातीला मुद्दल जवळजवळ सगळं शिल्लक असतं. मधे काहीच जास्तीचं भरलं नाही तर अशा वीस वर्षांच्या लोनचं अर्धं मुद्दल फिटायला १७२ वा हप्ता यावा लागतो, म्हणजे चौदा वर्षं झाली तरी निम्मं कर्ज उभंच.

आता तीन वर्षांनंतर, म्हणजे ३६ हप्ते झाल्यावर, तुमचं मुद्दल उरलं होतं सुमारे १५ लाख १२ हजार. वहिनींचे ५० हजार त्यातून थेट वजा झाले, त्यांच्यातला एक रुपयाही व्याजात गेला नाही. हप्ता तोच ठेवला तर त्या एका भरण्याने पुढचे उरलेले २०४ हप्ते १८७-१८८ वर आले. साधारण सोळा हप्ते कमी. सोळा गुणिले १५,४४० करा, अडीच लाखांच्या आसपास येतं. हे सगळं दर दहावरच राहिला असं धरून काढलंय, तुमचा दर वरखाली झाला म्हणता म्हणून नेमका आकडा थोडा वेगळा असेल, पण अंदाज हाच. वीस वर्षांचे २४० हप्ते होते, तुम्ही भरलेत २१६, म्हणजे २४ वाचले, त्यातले बहुतेक त्या पाटल्यांनी वाचवले आणि उरलेले बोनसने. तेच ५० हजार पंधराव्या वर्षी भरले असते तर जेमतेम पाच हप्ते वाचले असते. वहिनींनी तिसऱ्या वर्षी दिले, जेव्हा हातात सगळ्यात कमी असतं आणि व्याज सगळ्यात जास्त, म्हणून त्यांचं वजन इतकं पडलं.

हे आकडे कॅप्शनमध्ये घालू नका मात्र. मी तुम्हाला सांगितले ते लिहिताना मनात असावेत म्हणून. रुपये लिहिले की लोक मोजायला बसतात, कुणी म्हणणार तेव्हा १६ लाखांत मिळालं नशीबवान आहात, कुणी व्याज किती गेलं ते काढून दाखवणार, आणि ज्या पोरांनी आत्ता साठ-सत्तर लाखांचं लोन घेतलंय त्यांना ते वाचून उगाच खिन्न वाटणार. हप्त्यांची संख्या मात्र जरूर लिहा. २१६ हा आकडा लोन घेतलेल्या प्रत्येकाला कळतो, हप्ता मोठा असो की लहान, महिन्याची पाच तारीख सगळ्यांची सारखीच येते.

आता तुमच्या वाक्यातला एक शब्द मला अडवतोय, तो म्हणजे कर्जमुक्त. शेवटचा हप्ता गेला आणि कर्ज बंद झालं या दोन गोष्टी एकाच दिवशी होतातच असं नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगते. आमचा शेवटचा हप्ता खात्यातून गेला, आम्ही पेढे वाटले, मीही सगळीकडे लिहिलं की झालं बाई फिटलं. मधल्या काळात व्याजदर बदलले होते त्याचा हिशोब शेवटी जुळला नव्हता आणि अठराशे काहीतरी रुपये बाकी राहिले होते. बँकेने काही कळवलं असेल तर ते जुन्या पत्त्यावर गेलं असेल. दीड वर्षाने मुलाच्या शिक्षणाचं कर्ज काढायला गेलो तेव्हा सिबिलच्या रिपोर्टमध्ये घराचं लोन चालू दिसत होतं आणि वर थकबाकी. अठराशे रुपयांपायी आमचे दोन महिने गेले, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं की मी लिहिलेलं वाक्य त्या दिवशी खरं नव्हतं.

म्हणून बँकेत जाऊन लोन खात्याचं क्लोजर स्टेटमेंट मागा, त्यात बाकी शून्य दिसली पाहिजे. मग नो ड्यूज किंवा एनओसी जे काही तुमची बँक देते ते घ्या. आणि मूळ कागद. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला परिपत्रक काढलं, ते १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, त्यानुसार पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेने घराचे सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि घरावरचा बोजाही उतरवायचा. बँकेच्या बाजूने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुम्हाला. कागद त्यांच्याकडून गहाळ झाले तर नक्कल काढायला मदत करायची आणि खर्चही त्यांचा, फक्त त्याला आणखी ३० दिवस मिळतात. तुम्ही लोन घेताना बँकेने जी कागदांची यादी सही करून दिली असेल ती शोधून ठेवा, परत घेताना एकेक कागद त्या यादीवर टिकमार्क करत घ्या, काउंटरवरच, घरी येऊन नाही. मूळ करारनामा, रजिस्ट्रेशनची पावती आणि आधीच्या मालकाचे करार असतील तर त्यांची साखळी, हे आहे ना बघा. सोसायटीकडेही एनओसीची कॉपी द्या कारण शेअर सर्टिफिकेटवर किंवा त्यांच्या रजिस्टरमध्ये बँकेचा बोजा नोंदलेला असतो, तो काढा असं बँक सोसायटीला आपणहून सांगेलच असं नाही.

एवढं सांगितलं कारण त्यातून कॅप्शनचे शब्द ठरतात. आज तुम्ही लिहू शकता ते "शेवटचा हप्ता भरला". हे शंभर टक्के खरं आहे आणि माझ्या कानाला ते कर्जमुक्तपेक्षा चांगलंही लागतं, कारण त्यात तुम्ही काहीतरी केलंय, तो नुसता मिळालेला किताब नाहीये. एनओसी हातात आली की "कर्ज फिटलं" लिहा. आणि "कागद घरी आले" हे तिसरं, ते ज्या दिवशी करारनामा कपाटात जाईल त्या दिवशी. काही लोक या तिन्ही दिवसांचे वेगळे स्टेटस टाकतात आणि मला ते आवडतं.

"घर आता फक्त आणि फक्त आमचं" हे मात्र काढाच. घर २००७ पासून तुमचंच होतं, करार तुमच्या नावावर होता, बँकेकडे ते तारण होतं इतकंच. पहिल्या दिवशी वहिनींनी उंबऱ्यावर माप ओलांडलं असेल, कलश ठेवला असेल, तेव्हा ते काय बँकेचं होतं का? अठरा वर्षं तुम्ही परक्या घरात राहत होतात असा अर्थ त्या ओळीतून निघतो, तो तुम्हाला नको असणार.

बँकेच्या कागदाचा फोटो तर अजिबात टाकू नका. त्यावर लोन खात्याचा नंबर असतो, पूर्ण पत्ता असतो, तुमची सही असते किंवा अधिकाऱ्याची असते. तुमचं लोन नुकतं संपलंय, दरमहा १५ हजार मोकळे झालेत हे ज्याला कळेल तो "सर तुमचे डॉक्युमेंट रिलीज करायचेत, ओटीपी सांगा" म्हणून फोन करायला मोकळा. नुसतं नाव झाकून भागत नाही, खाली बारकोड किंवा रेफरन्स नंबर राहून जातो. फोटो हवाच असेल तर दाराचा घ्या, किंवा पासबुकातली शेवटची एन्ट्री पण फक्त तारीख आणि रक्कम दिसेल इतकी कापून, वरचं सगळं उडवून.

आता पाटल्यांचं. वहिनी नुसत्या हसतात असं तुम्ही लिहिलंय आणि ते हसणं हो आहे की नाही हे मला इथून कळणार नाही, तुम्हालाही गृहीत धरता येणार नाही. माहेरचं सोनं मोडणं ही गोष्ट बाईने कधीकधी माहेरी सांगितलेलीच नसते. आईला कळलं तर वाईट वाटेल म्हणून लग्नकार्यात खोट्या पाटल्या घालून मिरवणाऱ्या बायका मी बघितल्यात. तुमच्या पोस्टवर त्यांचा भाऊ, वहिनी, चुलत्या सगळे असणार. म्हणून पोस्ट टाकायच्या आधी त्यांना ओळ वाचून दाखवा, "लिहू का" असं मोघम नाही विचारायचं, जशी लिहिणार तशी पूर्ण ओळ वाचायची, आणि मग थांबायचं. त्या म्हणाल्या नको, तर स्कूटर आहे, तीही छान गोष्ट आहे.

आणि वाक्यात कर्ता त्या असू द्यात. "मी बायकोच्या पाटल्या मोडल्या" आणि "हिने पाटल्या काढून दिल्या" यात जमीन अस्मानाचा फरक आहे, पहिल्यात ती वस्तू तुम्ही घेतली, दुसऱ्यात निर्णय तिचा होता. तुमच्या पत्रात तुम्ही बरोबर लिहिलंय, मोडून दिले, तसंच ठेवा.

मी तुमच्याच शब्दांतून असं काहीतरी जुळवलंय, बघा. स्टेटससाठी, जिथे लोक दोन सेकंद थांबतात :

५ जून २००७ ते ५ मे २०२५. २१६ हप्ते. शेवटचा भरला.

यात उद्गारचिन्ह नाही मुद्दाम. तारखा लांब आहेत आणि शेवटचं वाक्य आखूड आहे, तेवढ्याने काम होतं.

फेसबुकवर जरा जागा असते पण तिथेही पहिल्या ओळीतच मुख्य गोष्ट यायला हवी, पुढचं "अजून पहा" च्या मागे जातं आणि घाईतले लोक तिथपर्यंत पोचत नाहीत :

मे २०१० मध्ये हिने आईकडच्या पाटल्या काढून दिल्या आणि म्हणाली आधी घर. त्या एका दिवसाने आमचं लोन वर्षभराहून जास्त जवळ आलं. आज २१६ वा हप्ता गेला, शेवटचा. पंधरा वर्षं हिचे हात मोकळे आहेत, ते आता भरायचे आहेत.

"आधी घर" हे मी माझ्या मनाने घातलंय, त्या तेव्हा नक्की काय बोलल्या ते तुम्हाला आठवत असेल तर तेच शब्द घाला, अगदी साधे असले तरी, "घ्या आता, नंतर बघू" असलं तरी. काहीच बोलल्या नसतील तर "काही न बोलता काढून दिल्या" लिहा. न घडलेला संवाद लिहू नका, त्या वाचतील आणि त्यांना कळेल.

स्कूटरवर वेळ आली तर :

एक घर, एक स्कूटर, २१६ हप्ते. स्कूटर १४ वर्षांनी गेली, हप्ता आज संपला.

घरच्या ग्रुपवर यातलं काही नको, तिथे सरळ लिहा की आज शेवटचा हप्ता भरला, रविवारी सगळ्यांनी जेवायला या. डाउन पेमेंटला कुणी उसने दिले असतील, कुणी जामीन राहिलं असेल, तर त्या माणसाला पोस्टच्या आधी फोन करा, स्टेटसवरून कळू देऊ नका. जामीनदाराला एनओसीची एक कॉपीही द्या, इतकी वर्षं त्याच्याही डोक्यावर ते होतं.

फेसबुकच्या कॅप्शनची शेवटची ओळ, हात भरायचे आहेत वाली, ती तेव्हाच ठेवा जेव्हा तुम्ही खरंच करणार असाल, कारण चारशे लोकांसमोर लिहिलेलं वहिनी विसरणार नाहीत आणि त्यांनी विसरूही नये. २०१० मध्ये तीनेक तोळ्यांच्या पाटल्यांचे पन्नास हजार आले असतील. मे २०२५ मध्ये तोळा लाखाच्या आसपास फिरत होता, म्हणजे त्या भावाने तशाच पाटल्यांना मजुरी धरून तीन लाखांच्या वर लागले असते. एकदम काढणं जड जाईल, पण १५,४४० दर महिन्याला बाजूला काढायची सवय तुमच्या घराला आहेच, तेवढीच रक्कम बँकेत आरडीला लावली तर त्या भावाचे तीन लाख वीस-बावीस महिन्यांत होतात. बँकेत लोनच्या ऑटो डेबिटचं मँडेट रद्द करायला तुम्हाला जायचंच आहे, नाहीतर जूनमध्ये खात्यावर परत डेबिट लागायचं, तर त्याच खेपेला आरडीचा फॉर्म भरा, वहिनींच्या नावाने, आणि तारीख ५ च ठेवा.